कोपरावरचा हिरवा

पहाटे साडेचारला हमालाचा दिवस सुरू व्हायचा. बाटल्यांच्या कारखान्यात चाळीस वर्षं त्याने क्रेट उचलले. काम सुटलं, पण डोळा त्याच वेळी उघडायचा. उघडला की समोरच्या भिंतीवर बायकोचा फोटो. तिला जाऊन तीन महिने झाले होते, आणि फोटो एवढा एकच. कारखान्याच्या फाटकाशी बावीस बाया, सगळ्यांना हिरवे ॲप्रन. अधू नजरेला नुसता हिरवा पट्टा दिसायचा. त्यात ती कुठली, हे कळायचं नाही.

शेवटचा पगार पाकिटात तसाच होता. ते पाकीट आणि फोटो घेऊन तो स्टुडिओत गेला.

"काका, बाकी सगळं राखाडी करते, काकूंचा हिरवा तेवढा ठेवते," संगणकावर बसलेली मुलगी म्हणाली. "चालेल?"

"चालेल काय, पळेल. पण तिचाच ठेव. बाकीच्यांनी तिचा डबा खाल्ला तेवढा पुरे."

मुलीने फोटो पडद्यावर मोठा केला, त्याने बोट ठेवून दाखवलं, आणि तिने काकूंच्या ॲप्रनवर टिचकी मारली. फाटक, भिंत, ट्रक, सगळ्यांचा रंग उडाला. ॲप्रन मात्र बावीसच्या बावीस हिरवेगार राहिले.

"याला हिरवा दाखवला की सगळ्याच काकू," ती हसली. "आता बाकीच्या हाताने पुसते."

"आणि तिचं तोंड असं का पडलं?"

"तोंडात हिरवा नाही ना, काका."

मुलगी पडद्यावर चित्र मोठं करून ब्रश फिरवू लागली. कडेकडेने, घाई न करता. काम पाहून हमालाला बरं वाटलं. एकवीस ॲप्रन राखाडी झाले. तरी मागे, ट्रकपाशी एक ठिपका हिरवाच राहिला.

"हा कुठला? डाग असेल. पुसू?"

तो पुढे वाकला. खांद्यावर क्रेट घेतलेला, पाठमोरा माणूस. सदऱ्याच्या कोपराला हिरवं ठिगळ.

फोटो काढला त्याच सकाळी तिने जुन्या ॲप्रनचा तुकडा कापून ते शिवलं होतं.

"लोक हसतील," तो खेकसला होता.

"हसू देत. एवढ्या माणसांत तुम्ही मला लांबून सापडाल."

संध्याकाळी घरी येताच त्याने सुरीने ते उसवून टाकलं होतं. ती काही बोलली नव्हती. तुकडा उचलून तिने शिवणाच्या डब्यात ठेवला होता.

"काका? पुसू ना?"

"नको." त्याने डोळे बाहीने पुसले. "तेवढं राहू दे, पोरी."

मुलीने ब्रश खाली ठेवला.

शेवटच्या पगारात भिंतभर मोठा फोटो आणि साधी लाकडी चौकट आली. आता पहाटे साडेचारला ती लगेच दिसते. मागचा ठिपका शोधायला त्याला उठून भिंतीपाशी जावं लागतं. तो जातो.