ज्ञानेश्वरीची तारीख

कंधारकडच्या सुदामअण्णाला हट्टी सगळं गाव म्हणायचं, आणि होताच तो हट्टी. त्याची लेक ज्ञानेश्वरी डेंग्यूनं गेली. नांदेडात प्लेटलेट्सची पिशवी वेळेत मिळाली नाही. तेव्हापासून तिच्या पुण्यतिथीला रक्तदान शिबिर ठरलेलं. माणूस शेतात असो की कुणाच्या साखरपुड्यात, अण्णा हाताला धरून आणायचा. अख्खं गाव एका दिवसात रक्त देऊन मोकळं व्हायचं.

रक्तपेढीचा हनीफ पिशव्या न्यायला यायचा आणि दरसाल तेच सांगायचा. "अण्णा, लाल पेशी फ्रिजात महिनाभर, वर थोडे दिवस टिकतात. प्लाझ्मा गोठवला की वर्षभर. पण प्लेटलेट्सला थंडी सोसत नाही. साध्या खोलीच्या गारव्यात, मशीनवर सारख्या हलवत ठेवाव्या लागतात. तिथं जंतू वाढायची भीती, म्हणून पाचच दिवस. मग टाकून द्यायच्या. दर आठवड्याला थोडी थोडी माणसं पाठवा की."

"लेकीची तारीख कशी मोडू, भाई?" एवढं बोलून अण्णा चहा मागवायचा. आता बापाच्या दुःखाशी कोण हुज्जत घालणार! हनीफ चहा पिऊन पिशव्या गाडीत भरायचा.

यंदा शिबिराला आठवडा उलटला, आणि शेजारच्या माणिकप्पाची लेक तनुजा डेंग्यूनं नांदेडच्या दवाखान्यात पडली. हिरड्यांतून रक्त थांबेना. डॉक्टरांनी प्लेटलेट्स मागवल्या, तसा अण्णा मोठ्या भरवशानं रक्तपेढीत गेला.

"आमच्या गावाचं रक्त भरून हाय तुमच्याकडं. द्या लवकर."

हनीफ त्याच्या नजरेला नजर देईना. "लाल पेशी आहेत, प्लाझ्मा आहे. प्लेटलेट्स काही पेशंटला लागल्या, उरलेल्या परवा टाकल्या. मुदत संपली होती."

"मग माझं घ्या." अण्णानं बाही वर सारली.

"तुम्ही आत्ताच दिलंय. तीन महिने घेता येत नाही."

"गावातली पोरं बोलावतो." अण्णानं फोन काढला. एक नाव पाहिलं, दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. सगळ्यांनी दिलेलं होतं.

हनीफनं सुचेल तिथं फोन लावले. लातूरहून पिशव्या निघाल्याही, पण त्या नांदेडात पोचायच्या आत तनुजा गेली.

दहावा झाल्यावर माणिकप्पा अण्णाच्या ओट्यावर येऊन बसला. रक्तपेढीत काय झालं, ते बिचाऱ्याला अजून ठाऊक नव्हतं.

"अण्णा, तुम्ही लई पळापळ केली. आता माझ्या तनूच्या तारखेलाबी असंच शिबिर घेऊ. गाव ऐकतंय तुमचं."

अण्णाला हुंदका आवरेना.

"नगं रे माणिकप्पा. तारीख धरू नगं," तो म्हणाला. "मी धरली, म्हणून तुझ्या लेकीची पिशवी कचऱ्यात गेली."