वीस पाकिटं भाजणी आणि माझी अक्कल

शोभाताई सबनिसांच्या चकली-भाजणीच्या पाकिटांवर ‘ग्लूटेन-फ्री’ हे दोन शब्द मीच छापले. त्यांनी सांगितलेलं नव्हतं. लेबलं माझ्या प्रिंटरवर निघणार होती, कोपऱ्यात जागा उरली होती, आणि तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, मूग यांत गहू कुठे आहे, असा माझा बिनतोड विचार होता. निवृत्त इंजिनिअरला उरलेली जागा बघवत नाही.

शोभाताई म्हणजे आमच्या कॅनडातल्या मिल्टन गावच्या, चार घरं सोडून राहणाऱ्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी डे-केअरमधली नोकरी गेली, आणि नवव्या दिवशी त्या वही घेऊन बसल्या. वहीत सगळं होतं. तळलेलं नको, सुरुवात कोरड्या भाजणीने, कारण घरच्या स्वयंपाकघरातून कोरडी मिश्रणं विकायला परवानगी सोपी. टाऊनच्या कचेरीत विचारून झालं, आरोग्य खात्याला कळवून झालं. हरभऱ्याची डाळ इथलीच, सस्कॅचेवान प्रांतातली. मसाले साताऱ्याच्या बहिणीकडून मागवायचा मोह त्यांनी आवरला. विकायला माल आणायचा तर आयातीचं लायसन्स लागतं, म्हणून ज्याच्याकडे ते आहे अशा ब्रॅम्प्टनच्या घाऊक व्यापाऱ्याकडून पावतीसकट.

आता फक्त आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टरबाई घर बघून जायच्या होत्या. गुरुवारी, दहा वाजता.

मी साडेनऊलाच धीर द्यायला पोचलो. धीर म्हणजे चहा प्यायला. ओटा लख्ख, फ्रिजमध्ये थर्मामीटर, डब्यांवर तारखा. शोभाताई तिसऱ्यांदा तोच नळ पुसत होत्या.

“भाऊजी, बसा एका जागी. फरशी पुसलीय.”

मी बसलो आणि हाताला लागली ती हिंगाची डबी वाचू लागलो. घटक: गव्हाचं पीठ, गोंद, हिंग. या क्रमाने.

मी पुन्हा वाचलं. गहू पहिलाच होता. चहा एकदम कडू लागला.

“शोभाताई, भाजणीत हिंग आहे?”

“तिखट, मीठ, तीळ, ओवा, हिंग. नुसतं पाणी घालून मळायचं, म्हणून तर तयार भाजणी. का?”

मी डबी पुढे केली. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, मग पाकीट उचलून लेबलाचा कोपरा वाचला. तो त्यांनी आजवर पाहिलाच नव्हता. त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“वीस पाकिटं मराठी मंडळात चाखायला वाटलीत मी,” त्या हळू म्हणाल्या. “गौरांगीने दोन नेली. श्रावणीसाठी.”

मंडळातल्या गौरांगीची मुलगी श्रावणी सात वर्षांची. तिला सीलिअ‍ॅक आहे. गव्हाच्या कणानेही ती आजारी पडते.

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. घड्याळात पावणेदहा.

“बाई येतायत,” मी म्हणालो. “घरातल्या पाकिटांवर मार्कर फिरवू या का? बाकीचं नंतर निस्तरू.”

शोभाताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मार्कर खिशात परत ठेवला. त्यांनी वहीतली यादी काढली (कोणी किती पाकिटं नेली ते लिहिलेलं होतं, नशीब) आणि एकेकाला फोन सुरू केला. “खाऊ नका, कुणाला देऊ नका.” मध्येच पुन्हा गौरांगी. नुसता वाजणारा फोन. मला त्या आवाजात एक पोटाशी हात धरलेली मुलगी दिसत होती.

दहाला दोन मिनिटं असताना गौरांगीचा उलटा फोन आला. “अहो, मी शॉवरमध्ये होते! काय झालं? आई चकल्या पाडतायत, श्रावणी शेजारीच उभी आहे—”

“एकही देऊ नकोस तिला!” शोभाताई किंचाळल्या. पलीकडे काहीतरी ठणकन पडलं आणि “आजी, व्हॉट हॅपन्ड? आय वॉन्ट वन!” असं रडकं ऐकू आलं. खाल्ली नव्हती. तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

इन्स्पेक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी जॅकेट काढायच्या आत शोभाताईंनी डबी, पाकीट आणि यादी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. माझं नाव मात्र घेतलं नाही. ‘आमची चूक’ म्हणाल्या.

बाई बराच वेळ लिहीत राहिल्या. मला त्या पेनाची भीती वाटायला लागली. तपासणी करण्याआधीच पाकिटं वाटली होती, तेही लिहिलं. मग म्हणाल्या, हे वर कळवावं लागेल. सगळी पाकिटं परत घ्या. नवं लेबल दाखवा, त्यावर अ‍ॅलर्जीचे पदार्थ म्हणून गहू आणि तीळ ठळक हवेत. तोवर एकही पाकीट विकायचं नाही. पुढची भेट कधी, ते कळवतील. ‘नाही’ म्हणाल्या नाहीत. ‘हो’ही म्हणाल्या नाहीत.

त्या गेल्यावर शोभाताई खुर्चीत बसल्या. बेत राहणार की जाणार, ते दोघांनाही माहीत नव्हतं. काहीतरी भरपाई करावी म्हणून मी विचारलं, “शोभाताई, नवी लेबलं मीच करून देऊ ना?”

“तुम्ही सोडून कोणीही.”