स्ट्राइकची सावड

शिकवायची खोड मला लहानपणापासूनची. साताऱ्यात शाळेत होतो तेव्हा पाढे चुकणाऱ्या पोरांना मी मास्तरांच्या आधी ओरडायचो. पलटणीत कारकून हवालदार झालो तरी ती खोड गेली नाही. म्हणून लढाईच्या शेवटच्या वर्षी, आसामात आमच्या ट्रकच्या कंपनीशेजारी अमेरिकन लोकांचा तळ पडला आणि त्यांच्या करमणुकीच्या पत्र्याच्या शेडमध्ये बॉलिंगचा, म्हणजे चेंडू घरंगळवून पिना पाडायच्या खेळाचा, हिशेब ठेवायला माणूस हवा झाला, तेव्हा मीच पुढे झालो. तिथल्या गोऱ्या सार्जंटानं मला तो हिशेब एका संध्याकाळी शिकवला. दुसऱ्या संध्याकाळी मी त्याची बेरीज दुरुस्त केली. तो हसला आणि पेन्सिल माझ्याच हातात ठेवून गेला.

त्या उन्हाळ्यात आमच्या कंपनीत रजेवरून पेच पडला होता. पाऊस लागला की रस्ते बंद, त्यामुळे त्याआधी एका वेळी एकच ड्रायव्हर सोडता येणार होता. अर्ज आले दोन, तेही एकाच दिवशी. एक आमच्या पलूसच्या गड्याचा. त्याची पोरगी दोन वर्षांची झाली होती, पण बापानं तिचं तोंड पाहिलं नव्हतं. दुसरा एका मद्रासी ड्रायव्हरचा. त्याच्या बहिणीचं लग्न ठरलेलं, आणि पलूसकर महिनाभर रजा भोगून परत येईपर्यंत ते उरकून जाणार होतं. सुभेदारसाहेब स्वतः कऱ्हाडकडचे. कोणाच्याही बाजूनं निकाल दिला तरी बोल लागणारच. ते वैतागून म्हणाले, "त्या गोऱ्यांच्या शेडमधी जावा आन् खेळून ठरवा. जितंल त्यो आधी जाईल."

रविवारी दुपारी दोन्ही तुकड्या, आमची मराठी आणि त्यांची मद्रासी, शेडमध्ये हजर. गुळगुळीत लाकडी पट्टी, दोन्ही बाजूंना पन्हळ, टोकाला त्रिकोणात उभ्या दहा पिना. पिना पडल्या की मागच्या कठड्यावर बसलेले दोन शिपाई खाली उतरून त्या परत उभ्या करायचे. आमच्यातल्या एकानंही हा प्रकार आधी पाहिला नव्हता. मद्रासी ड्रायव्हरला इंग्रजी येत होतं, त्याला सार्जंटानं समजावलं. आमची माणसं माझ्या वाट्याला आली.

पलूसकरानं पहिल्या चेंडूत सात पाडल्या, दुसऱ्यात उरलेल्या तीन. मी कागदावर तिरकी रेघ मारली आणि खालचं घर रिकामं ठेवलं. त्याचा जोडीदार, तासगावचा, लगेच वाकून बघायला लागला.

"आवं हवालदार, धा पाडल्या की. लिवा की धा."

"थांब जरा."

"थांबू कशापायी? पडल्याल्या पिना काय परत उठून बसत्यात व्हय?"

सार्जंटाची सगळी वाक्यं मला पाठ होती, पण ती या दोघांच्या काय कामाची? मी आपली शेती काढली. म्हटलं, "हे बघा. खेळात दहा घरं, म्हणजे दहा रानं. एका रानाला दोन चेंडू. दोन चेंडूंत दहाही आडव्या झाल्या की त्याला म्हणायचं स्पेअर. मग पुढचा एक चेंडू या रानात सावडीला येतो. पहिल्याच चेंडूत दहा गेल्या तर स्ट्राइक. तेव्हा पुढचे दोन चेंडू सावडीला. ते स्वतःच्या रानात राबतातच, वर या रानातही मोजले जातात. म्हणून पुढचे चेंडू पडल्याशिवाय मला इथं आकडा लिहिता येत नाही."

"आणि दोन्ही चेंडू टाकून बी पिना ऱ्हायल्या तर?"

"मग जेवढ्या पडल्या तेवढ्याच. सावड नाही."

पलूसकराचा पुढचा चेंडू पाच घेऊन गेला. मी रिकाम्या घरात पंधरा लिहिले. त्या घरात आणखी तीन पडल्या, पाच आणि तीन आठ, मी पुढं तेवीस लिहिले. तासगावकरानं मान डोलावली. सावड कोणाला समजवावी लागते? आज तुझ्या खुरपणीला मी, उद्या माझ्या खुरपणीला तू. चौथ्या घरात पलूसकराचा स्ट्राइक बसला, मग सहा आणि दोन पडल्या, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तासगावकरच बोलला, "आठरा मांडा." मला फार अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. गोऱ्याला एक संध्याकाळ लागली, मी अर्ध्या तासात माणूस तयार केला होता.

मद्रासी ड्रायव्हरचा डाव एकशे नऊवर संपला. पलूसकराचे नऊ घरांत नव्वद झाले होते. दहाव्या घरात त्यानं पहिलाच चेंडू सोडला आणि दहाही पिना गेल्या. आमची तुकडी उभी राहिली. दहाव्याच्या पुढं घर नसतं, म्हणून तिथं स्ट्राइक बसला की दोन जादा चेंडू मिळतात. त्या दोन चेंडूंत त्याला दहा हव्या होत्या. नऊ आल्या तर बरोबरी, दहा आल्या तर पोरगी.

मी म्हणालो, "आता दोन चेंडू सावडीचे." पलूसकर शांतपणे बाकावर येऊन बसला. तासगावकर उठला, त्यानं चेंडू उचलला आणि मी काही म्हणायच्या आत सोडूनही दिला. चेंडू अर्ध्या वाटेवर पन्हळीत गेला. एकही पीन पडली नाही.

मी ओरडलो, "तू कशाला टाकलास रे?"

तो गोंधळून म्हणाला, "सावडीला दुसऱ्यानंच यायचं असतंय न्हवं? आपल्याच रानात आपलीच सावड कशी हुईल?"

चूक त्याची नव्हती, सावड त्याला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती. शिकवताना माझ्याकडून एवढंच सांगायचं राहून गेलं होतं की चेंडू कितीही असोत, टाकणारा एकच. समोरच्या तुकडीनं गलका केला, शून्य धरा, शून्य धरा. मी सार्जंटाजवळ गेलो आणि चूक माझी म्हणून सांगितलं. तो म्हणाला, भलत्याच माणसानं टाकलेला चेंडू मोजत नाहीत, ज्याची पाळी त्यानं परत टाकायचा. तरी गलका थांबेना. तेव्हा मद्रासी ड्रायव्हर उठला आणि आपल्याच माणसांना गप्प करून पलूसकराला हिंदीत म्हणाला, "तुम डालो, भाई. तुम्हारा बॉल है."

पलूसकरानं चेंडू टाकला. सहा. उरलेल्या चार पिना एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. दुसरा चेंडू त्यानं डोळे मिटूनच सोडला असावा. चारही गेल्या. मी एकशे दहा लिहिले.

तो महिन्याच्या रजेवर गेला आणि अकरा दिवस आधीच परत हजर झाला. मला वाटलं, घरी काही बरंवाईट झालं. विचारलं तर म्हणाला, सगळं ठीक हाय.

"पोरगी ओळखायला लागली का?"

"पयल्यांदा जवळ येत न्हवती. बघितलं की रडायची. निघायच्या आदल्या दिशी आली मांडीवर."

"अरे मग राहायचं होतंस. रजा होती तुझी."

त्यानं खांद्यावरची पेटी खाली ठेवली. बाहेर मद्रासी ड्रायव्हर आपला बिस्तरा बांधत होता. बहिणीच्या लग्नाला आता तो वेळेत पोचणार होता.

"त्यानं मला चेंडू टाकू दिला," पलूसकर म्हणाला. "सावड फेडाया नगं व्हय, हवालदार?"