मुठीत येईपर्यंत

“बुधीच्या मुठीत यायला हवेत.”

रविनाचं हे एकच बोलणं. खुर्चीत बसली की हेच, उठली की हेच. कुणी म्हणावं, केस छान दिसतात गं आता, तर त्यावरही हेच. नवापूरला बाजाराच्या रस्त्यावर सुसानाबेनचं ब्युटी पार्लर आहे, एक खुर्ची, एक आरसा आणि मागच्या भिंतीला पडदा. तिथं रविना जवळजवळ अडीच वर्षं येत राहिली, आणि या वाक्याखेरीज फारसं काही बोलली असेल तर सुसानालाही ते आठवून पाहावं लागतं.

बुधी म्हणजे तिची लेक. ती अंगावर पीत होती तेव्हापासून आईची वेणी मुठीत धरून झोपायची. वेणी सोडवून घेतली की जागी व्हायची. रविना अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातली. तिकडून ती नवापूरकडच्या सपाटीवरच्या लखनशी लग्न करून आली, तेव्हा तिच्या वेणीचंच गावाला कौतुक होतं. मग एका सकाळी कुठल्याशा फोनवरून लखनच्या डोक्यात संशय शिरला आणि त्यानं तिला अंगणात बसवून ती वेणी मुळापासून कापली. कात्री बोथट होती. शेजारी कुंपणापाशी उभे होते. बुधीही उभी होती, हातात अर्धी भाकर घेऊन.

पोलिसांत तक्रार झाली. लखनला धरून नेलं, थोड्या दिवसांनी सोडलं. पंच बसले आणि म्हणाले, रविनानं आईकडे राहावं, पोर तूर्त बापाकडे राहू दे. ‘तूर्त’ म्हणजे किती, ते कुणी बोललं नाही.

रविना सुसानाकडे पहिल्यांदा आली ती घट्ट ओढणी बांधून. सुसानानं गाठ सोडली. एका कानावर बोटभर केस, दुसऱ्यावर खुंट, टाळूवर मधेच पांढरी कातडी. सुसानानं आरशात पाहिलं नाही, थेट डोक्याकडे पाहिलं. तिची सवयच ती. माणसाचं तोंड बघितलं की हात थांबतो, असं तिला वाटे.

“सगळं काढून टाकू?” रविनानं विचारलं.

“का? एक जण कापून गेला ते पुरे नाही का,” सुसाना म्हणाली. “बाजू सारख्या करते. वरचे ठेवते, ते लांबचे प्रवासी आहेत.”

आणि कात्री चालवता चालवता तिनं पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं. केस महिन्याला अर्धं पेर वाढतात, तेल कुठलंही लाव. पण सगळे सारखे वाढले तरी सारखे दिसत नाहीत. मानेवरचे आधी खाली उतरतात, कारण त्यांना उतरायला वाट थोडी. टाळूवरच्यांना सगळं डोकं ओलांडून यायचं असतं. कानावरचे मधल्या मधे छत्रीसारखे उभे राहतात. म्हणून वाढवायचे असले तरी दीड-दोन महिन्यांनी यायचं. मानेवरचे आखूड ठेवायचे, कानावरचे आतून विरळ करायचे, वरच्यांना हात लावायचा नाही. वरचे खाली पोचले की मग सगळ्यांना बरोबर सोडायचं.

“मधल्या कुठल्याही दिवशी तुला बघून कुणी म्हणता कामा नये की हिचे कुणीतरी कापलेत,” सुसाना म्हणाली. “बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, हिनं हौसेनं कापून घेतलेत.”

“बुधीच्या मुठीत यायला हवेत,” रविना म्हणाली. ते पहिल्यांदा.

बाजाराच्या दिवशी तिची सासू मंगलाबाई यायची, लखनला न सांगता नातीला घेऊन. पार्लरच्या पायरीवर टेकायची. तोंडाची फटकळ बाई, पण पोर आणायची. पहिल्यांदा आणली तेव्हा रविना धावत पुढे झाली आणि ओढणी घसरली. बुधी अशी किंचाळली की समोरचा कांदेवाला उठून आला. तिनं आजीच्या लुगड्यात तोंड खुपसलं ते निघेपर्यंत वर काढलं नाही.

“आते काय करवा,” मंगलाबाई तिच्या अहिराणीत म्हणाली, “पोरनी समदं देखेल शे.”

त्या दिवशी रविनानं ठरवलं. पुन्हा पोरीसमोर जायचं ते केस तिच्या मुठीत येण्याइतके झाल्यावरच. तोवर बाजाराच्या दिवशी ती पडद्याआड उभी राहायची. बुधी पायरीवर शेव खायची, आणि सुसाना एका गिऱ्हाइकाच्या भुवया कोरता कोरता पडद्याखालचे दोन अनवाणी पाय बघायची.

पहिले महिने काम सुसानाच्या मनासारखं झालं. खुंट दबले. भांग बाजूला पाडून कपाळावरचे केस तिनं आडवे वळवले, एक पिन लावली. रविनाला कोंबड्यांच्या फार्मवर अंडी भरायचं काम मिळालं, आणि तिथल्या एका मुलीनं तर विचारलं की अशी कटिंग कुठं करतात. सुसानाला त्याचा आनंद झाला. रविनाला झाला की नाही, कळलं नाही.

मग ती येईनाशी झाली. ठरलेली खेप चुकली, पुढचीही चुकली. आली तेव्हा आपल्या आईला, कालीबाईला, बरोबर घेऊन आली आणि डोक्यावर पुन्हा ओढणी.

सुसानानं ओढणी काढली. मानेवरचे केस कॉलर ओलांडून पाठीकडे निघाले होते, टाळूवरचे जेमतेम कानापर्यंत, आणि दोन्ही बाजूंना फुगलेलं छप्पर. कुणीही बघावं आणि सांगावं.

“हे काय केलंस?”

“मी केलं,” कालीबाई खाली बसत म्हणाली. “देवमोगरा मातेला नवस बोलले मी. पोरीची पोर घरी येईस्तोवर हिच्या डोक्याला लोखंड लागणार नाही.”

“आणि मला विचारलं नाही.”

“तुला विचारून देवीला बोलायचं होय? तू येशूवाली.”

“येशूवाली असले तरी केस तुमच्याच देवीनं दिल्यासारखे वाढतात, मावशी,” सुसाना म्हणाली. “फार्मवर काय म्हणतात हिला?”

रविनानं सांगितलं, “मोर म्हणतात. मागून पिसारा.” मग ती म्हणाली, “विचारतात, कुणी कापले होते. आता सगळ्यांना माहीत झालं.”

फार्मवरचं काम तिनं सोडलं होतं.

सुसानानं कात्री टेबलावर ठेवली. देवीला बोललेल्या शब्दावर कात्री चालवायची तिला भीतीच वाटत होती, तसं तिनं कबूल केलं नसतं. शेवटी तोडगा कालीबाईनंच काढला. पदराचा कोपरा पसरून तिनं खुर्चीमागे धरला.

“खाली जमिनीवर पडू द्यायचा नाही,” ती म्हणाली. “मागचे जेवढे काढशील तेवढे ह्यात. नेऊन देवीला दाखवते. म्हणते, वाढायलाच काप दिलाय, मोडायला नाही. तिला समजेल. बाईच आहे ती.”

मग सुसानानं मानेवरचे वाढीव केस काढले. कालीबाई वाकून एकेक बट पदरात झेलत होती. जमिनीवर केसाचा कण पडला नाही. पुढे दर खेपेला म्हातारी आली, दर खेपेला पदर धरला. मानेवरचे आखूड राहिले, कानावरचे आतून हलके होत गेले, टाळूवरचे सावकाश उतरत राहिले. एका उन्हाळ्यात सगळे एका पातळीला येऊन जबड्यापाशी थांबले आणि नीट बॉब झाला. त्या दिवशी सुसानानं तिला आरसा हातात दिला.

“आता भेट पोरीला. वेणी नसली तरी बाईचे केस झालेत.”

रविनानं बोटं केसांतून फिरवली आणि मूठ मिटून बघितली. टोकं निसटली. “आपल्या मुठीत येत नाहीत,” ती म्हणाली, “तर तिच्या कशा येतील?”

“तिची मूठ लहान आहे की.”

“तिला ओढायची सवय आहे.”

“रविना, पोरं वाढतात गं. केसांपेक्षा लवकर वाढतात.”

रविना बाजाराच्या दिवशी पुन्हा पडद्याआड उभी राहिली. पायरीवर बुधी आता शेव खाताना गाणं म्हणायची. लखननं दुसरी बाई आणली होती. तिच्याकडून पोर शिकली असेल.

पावसाळा गेला. आता मानेवरच्यांना कात्री नव्हती, फक्त टोकं. केस खांद्याला टेकले. रविना सकाळीच आली, केस धुऊन. सुसानानं ते वाळवले, टोकं आत वळवली. कालीबाई कोपऱ्यात बसून होती. या खेपेला पदर रिकामाच राहिला. बऱ्याच दिवसांनी सुसानानं आरशात रविनाचं तोंड पाहिलं. कुण्या शाळेतल्या बाईसारखी दिसत होती, सुरतेहून आलेल्या पाहुणीसारखी. हे केस कधी कुणी अंगणात बसवून कापले होते, असं कुणाच्या मनातही आलं नसतं. सुसानानं जे करायचं ठरवलं होतं ते तंतोतंत झालं होतं.

मंगलाबाई पोरीला घेऊन आली. रविना पडद्याआडून बाहेर आली, पायरीवर खाली बसली, मान वाकवली आणि एक बट बुधीच्या हातात दिली. बुधीनं ती धरली. मुठीत आली. ओढली नाही. ओळख नसलेल्या घरची वस्तू हातात दिल्यावर पोरं धरतात तशी धरली आणि आजीकडे बघितलं.

“तुन्ही माय शे ती,” मंगलाबाई म्हणाली. तिचा फटकळ आवाज त्या दिवशी बसका होता.

बुधीनं रविनाच्या तोंडाकडे पाहिलं, मग केसांकडे. तिनं मूठ सोडली.

“नाही,” ती शांतपणे म्हणाली. “माझ्या आईला केस नाहीत.”

तिला भीती वाटली नव्हती. मोठ्या माणसाची चूक सांगावी तसं तिनं सांगितलं. मग उरलेल्या शेवेची पुडी मागितली.

मंगलाबाईनं काही तरी समजावून पाहिलं, कालीबाईनं तिच्या बोलीत देवीचं नाव घेतलं. बुधी लाजून आजीच्या मागे गेली, एवढंच. जीपची वेळ झाली तेव्हा मंगलाबाईनं तिला कडेवर घेतलं.

रविना आत येऊन खुर्चीत बसली आणि केस कापतानाचं कापड तिनं स्वतःच अंगावर ओढलं.

“काप,” ती म्हणाली.

“गप.”

“सगळे काप. पहिल्या दिवशी होते तसे कर.”

सुसानानं कात्री उचलली. अडीच वर्षांत कुठला केस कधी कुठवर आला ते तिच्या बोटांना पाठ होतं. तिनं ती बट हातात घेतली, बुधीनं धरली होती तीच. मग कात्री खाली ठेवली.

“माझ्यानं नाही होणार,” ती म्हणाली. “दुसरीकडे जा.”

रविनानं ते कापड काढून घडी केली आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवलं. ओढणी उचलली, पण डोक्यावर घेतली नाही. आईला चल म्हणाली नाही. पायरी उतरली आणि कांद्याच्या ढिगांमधून जीपच्या उलट्या दिशेनं चालू लागली. वारा होता. केस खांद्यावरून उडत होते आणि तिनं ते एकदाही सावरले नाहीत.

कालीबाई भिंतीला टेकून बसली होती, तिनं मान वर केली नाही. सुसाना दारात उभी राहून बघत होती. आणि रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला मंगलाबाईच्या खांद्यावरून बुधी बघत होती, त्या बाईकडे, ती दिसेनाशी होईपर्यंत.