दोन खोल्यांची सरासरी

निपाणीतल्या एका विडी कारखान्यात तम्मण्णा दिवाणजी होता. कुणाला "न्हाय" म्हणायची वेळ आली की तो "व्हय" म्हणून मोकळा व्हायचा. असा माणूस बायकांवर देखरेखीला ठेवायची बुद्धी मालकाला कशी झाली, हे मालकालाच ठाऊक.

कारखान्यात दोन खोल्या. थोरल्या खोलीत दहाजणी बसत. त्यांची दिवसाची सरासरी माणशी नऊशे विड्या. धाकट्या खोलीत पाचजणी, त्यांची सरासरी सहाशे. महायुद्धाच्या आदल्या वर्षी मालकाने फर्मान काढलं, की महिन्याभरात ज्या खोलीची सरासरी वाढणार नाही, त्या खोलीतली सगळ्यांत मागची बाई घरी जाईल.

थोरल्या खोलीत सगळ्यांत मागे गुणाबाई. तिचा डावा अंगठा लहानपणी जात्यात सापडला होता. त्या वाकड्या अंगठ्याने ती रोज सातशेवीस विड्या वळे, आणि तोंड त्याच्या दुप्पट चाले. विधवा बाई, पोरगी सदलग्याला दिलेली. इथली जागा गेली तर जावयाच्या दारात जाऊन बसायचं, याची तिला मरणापेक्षा जास्त धास्ती. धाकट्या खोलीत मागे बायाक्का. तिला डोळ्यांनी धड दिसत नव्हतं.

तम्मण्णाने दोन्ही खोल्यांना हात जोडून सांगून पाहिलं. विड्या तेवढ्याच राहिल्या.

त्यात मशेरीच्या डबीवरून गुणाबाईचं आणि शेजारच्या अक्काताईचं जुंपलं. "ही भवानी माज्याजवळ नगं!" अक्काताई म्हणाली. तम्मण्णाला निवाडा करता येईना, तेव्हा त्याने गुणाबाईला तिच्या सुपासकट धाकट्या खोलीत नेऊन बसवलं.

आठवड्याने हिशेब केला आणि तो चक्रावला. थोरल्या खोलीची सरासरी नऊशेवीस, धाकटीची सहाशेवीस. दोन्ही वीस वीसने वर! चुकलं असेल म्हणून त्याने पुन्हा मांडलं. थोरल्या खोलीच्या नऊ हजारांतून गुणाबाईच्या सातशेवीस गेल्या, उरल्या आठ हजार दोनशेऐंशी, त्या नऊजणींत. धाकटीच्या तीन हजारांत सातशेवीस पडल्या, झाल्या तीन हजार सातशेवीस, त्या सहाजणींत. बरोबरच होतं. गुणाबाई थोरल्या खोलीला खाली ओढत होती आणि धाकटीला वर. एक विडी जास्त झाली नव्हती. पंधराजणींच्या मिळून बारा हजार तेव्हाही होत्या आणि आताही.

मालक आले. त्यांनी दोन्ही सरासऱ्यांची बेरीज करून निम्मी केली. "आधी साडेसातशे, आता सातशेसत्तर. शाब्बास, तम्मण्णा!"

थोरल्या खोलीत माणसं जास्त, तेव्हा असं निम्मं करून भागत नाही. बारा हजार भागिले पंधरा, आठशेच येतात, आधीही आणि आताही. हे सगळं तम्मण्णाच्या जिभेवर आलं होतं. त्याने ते गिळलं आणि "व्हय, मालक" म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा मऊपणा कुणाच्या तरी उपयोगी पडला. गुणाबाई राहिली, बायाक्काही राहिली.

गुणाबाई आता खोलीतली सगळ्यांत जलद बाई. हा मान तिने बेताने वापरला असं म्हणवत नाही. "आण्णा, धाकटी खोली माज्यावर चाललीया," असं ती तम्मण्णाला रोज सुनावी. दिवसभर गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढी, पाचजणींना हसवी, बायाक्काची विडीची पानं आपल्या कात्रीने कापून देई. दुसऱ्या खोलीतून अक्काताई दरडावत असे, "मोठ्यानं बोल गं, इकडं ऐकू येत न्हाय!"

चार वर्षं अशी गेली. मग गुणाबाईला खोकला लागला, आणि एका थंडीत ती गेली. सदलग्याला जावं लागलं नाही.

मालकांनी तिच्या जागी चंद्राबाई नावाची तरणी बाई पाठवली. हात असा, की रोजच्या नऊशे. तम्मण्णाने मनातच हिशेब मांडला. सातशेवीसच्या जागी नऊशे, म्हणजे एकशेऐंशी जास्त. त्या सहाजणींत वाटल्या की तीस. सरासरी साडेसहाशे यायला हवी.

आली सहाशेचाळीस.

"वीसनं वाढली की रं!" मालक खूश. त्यांनी तम्मण्णाच्या हातात नारळ ठेवला.

तम्मण्णा मात्र हरवलेल्या विड्या शोधत बसला. सहाजणींत दहा दहा, म्हणजे रोजच्या साठ. चंद्राबाईच्या नऊशे पुऱ्या होत्या. त्याने दोनदा मोजून घेतल्या. मग तो धाकट्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. आत कुणी बोलत नव्हतं. चंद्राबाई मान खाली घालून वळत होती. बायाक्का चाचपडत आपली पानं आपणच कापत होती. मध्येच एकीचा हात थांबे, मग दुसरीचा.

पाचजणींत साठ, म्हणजे माणशी बारा. गुणाबाईच्या जाण्याची सरासरी तेवढी आली. तम्मण्णाला रडू आलं. "हात चालवा," हे सांगणं त्याचं काम होतं. ते त्याने त्या दिवशी केलं नाही, आणि पुढेही केलं नाही.