न बघितलेल्या बैलाची म्होरकी

आमच्या चॅनलवर कुणी बोलत नाही. मामंजींचे हात दिसतात, सुताची दोरी दिसते आणि पीळ घालताना होणारा बारीक करकर आवाज ऐकू येतो. मामंजी म्हणजे माझे सासरे. केनवडजवळच्या आमच्या गावात ते बैलांच्या म्होरक्या, गोंडे, कासरे वळत आले. म्होरकी बैलाच्या तोंडावर, कपाळावरून बांधतात. गावात ट्रॅक्टर आले, बैल उरले थोडे, पण त्यांचे हात थांबले नाहीत. दुपारी ओसरीत ऊन तिरपं आलं की मी मोबाईल डब्याला टेकवून ठेवायची आणि ते वळत राहायचे. बघता बघता मलाच गुंगी यायची.

बघणारे थोडेच, पण रोजचे. त्यांच्या कमेंटी एकसारख्या असायच्या: हे लावलं की झोप लागते. मी गोंडे विकायला एक ऑनलाइन दुकान उघडलं आणि व्हिडिओच्या वर्णनात त्याची लिंक टाकली, ती पार तळाशी. कुणी उघडली नाही. डोळे मिटलेलं माणूस खाली कशाला जाईल? मग मी लिंक पहिल्या ओळीत आणली, कारण तेवढीच ओळ न दाबता दिसते. चार-दोन गोंडे गेले. कुणी सायकलला बांधला, कुणी दाराला.

पुढे सबस्क्रायबर आणि बघण्याचे तास पुरेसे झाले, तेव्हा अर्ज करून मी ते दुकान चॅनलला जोडलं. एका सकाळी व्हिडिओखाली आमच्या वस्तूंची रांग उभी राहिली. लाल गोंडा, कवड्यांची माळ आणि शेवटी एक म्होरकी. मामंजींना दाखवलं तर ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.

"हे आपलंच हाय ना वं?"

"आपलंच."

"पाण्यात पाह्यल्यासारखं दिसून राह्यलं."

म्होरकीची पहिली ऑर्डर पुण्याहून आली. दुकानात ऑर्डरसोबत दोन शब्द लिहायला जागा असते. तिथे एका बाईंनी लिहिलं होतं: 'बाबांसाठी हवी आहे. ते तुमच्याच भागातले, आसेगावकडचे. आता माझ्याकडे असतात. बैल जाऊन वर्षं झाली, पण संध्याकाळी विचारतात, बांधला का त्याला?'

मी तयार असलेली म्होरकी घडी करायला घेतली. मामंजींनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"त्याच्या बैलाचं कपाळ केवढं होतं?"

"मामंजी, बैल आता नाही."

"त्याले तर हाय ना! ढिली झाली तर तो म्हणन, ही माह्या बैलाची नोहे."

मी बाईंना विचारलं. मनात धाकधूक, की हसतील. त्यांनी उत्तरात छोटा व्हिडिओ पाठवला. खिडकीपाशी बसलेले एक म्हातारबाबा. मुलगी विचारते, बाबा, त्याचं कपाळ केवढं होतं? ते दोन्ही हात उचलून आपल्याच चेहऱ्याच्या दोन बाजूंना धरतात, थोडे लांब. मग एक हात सोडून मधल्या रिकाम्या जागेवरून सावकाश फिरवतात, वरून खाली. डोळे अर्धे मिटलेले.

मामंजींनी तो व्हिडिओ परत परत लावायला सांगितला. मग त्यांनीही तसेच हात आपल्या चेहऱ्याशी धरले.

"माप घे."

मी त्यांच्या दोन तळव्यांमध्ये दोरी धरली आणि गाठ मारली. बाहेर तुरीच्या शेतावर ऊन हलत होतं. क्षणभर मला वाटलं, त्या तळव्यांमध्ये खरंच काहीतरी ऊबदार, श्वास घेणारं आहे. मी हात हळूच मागे घेतला.

ती म्होरकी त्यांनी घाई न करता वळली. मी सगळं चित्रित केलं, पण त्या व्हिडिओखाली एकही वस्तू लावली नाही. पार्सल केनवडच्या पोस्टातून गेलं.

काही दिवसांनी बाईंचा निरोप आला. बाबांनी म्होरकी हातात घेतली, नाकाशी नेली, म्हणाले, नवी हाय, तेल लावा लागन. मग ती पलंगाच्या दांडीला बांधून घेतली. 'ते अजून विचारतात,' बाईंनी लिहिलं होतं, 'पण मी दांडीकडे बोट दाखवते आणि ते हो म्हणतात.'

मी वाचून दाखवलं. मामंजी उठून आत गेले, चूळ भरली, परत येऊन बसले.

"जवसाचं तेल लावाले सांग त्याइले," ते म्हणाले. "खोबऱ्याचं नोको."

मी तसं कळवलं. मग दुकानात म्होरकीच्या माहितीत एक ओळ वाढवली: बैल असो वा नसो, कपाळाचं माप कळवावं. ते वाचून काहीजण परत जातात. काहीजण मात्र आपापल्या खिडकीत बसून हवेत हात धरलेले फोटो पाठवतात.

मामंजी ते फोटो दुपारी बघतात. एखादा हात फारच लांब धरलेला असला की हसतात, "एवढा मोठा बैल नसते बाप्पा," म्हणतात, आणि तरी तेवढंच माप घ्यायला लावतात.