‘थांब’ नावाची रिकामी फाइल

माडीवरच्या कॉम्प्युटरवर सुनेने स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम चालतो. तिच्या बचतीतून तो शेअर घेतो आणि विकतो. प्रत्येक ऑर्डर पाठवण्याआधी तो एका फोल्डरमध्ये डोकावतो. तिथे ‘थांब’ नावाची फाइल दिसली, तर ऑर्डर पाठवत नाही. फाइल रिकामीच असते.

“आत काही लिहिलेलं नाही, मग तो ऐकतो कसा?” मी विचारलं होतं.

“आई, तुम्ही नुसत्या दारात उभ्या राहिलात की तुमचा मुलगा मोबाइल खाली ठेवतो ना? तसंच.”

बाजार बंद असताना एका रविवारी तिने माझ्याकडून सराव करून घेतला. शेजारच्या फोल्डरमधली ती फाइल माउसने उचलून आत सोडायची. माझ्या हातून दोनदा भलतीकडेच पडली.

मग ती दाढ दाखवायला विरारला गेली. मी केळफूल निवडत होते, हाताला तेल लावलेलं. तिचा फोन आला. इंजेक्शनने अर्धं तोंड बधिर, शब्द धड फुटत नव्हते.

“आई, माडीवर जा. मोबाइलवर दिसतंय, तो एकच शेअर पुन्हा पुन्हा घेतोय. सगळी बचत त्यात जाईल. फाइल आत टाका.”

पदराला हात पुसत मी जिना चढले. तरी माउस निसटत होता. तिसऱ्यांदा फाइल आत पडली आणि पडद्यावर ओळ उमटली: ‘थांब फाइल आहे. ऑर्डर पाठवली नाही.’ थोड्या वेळाने पुन्हा तीच. मी ती फोनवर मोठ्याने वाचून दाखवली.

“छान. आधी घेतलेले शेअर या फाइलने विकले जात नाहीत, ते मी मोबाइलवरून विकते. मी येईपर्यंत फाइल काढू नका.”

तेवढ्यात मुलगा वर आला. मोबाइल बघत म्हणाला, “अगं, भाव चढतोय. काढ ती फाइल, तिला मी सांगतो.”

“नाही.”

“तुला यातलं काय कळतं?”

“काहीच नाही. म्हणून तर काढत नाही.”

मी खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसले. घरात कुणाला नाही म्हणायची मला सवय नाही. पण मजा वाटत होती.

“तुझ्या सुनेने वॉचमन ठेवलाय वाटतं,” तो म्हणाला.

“हो. बिनपगारी.”

तो हसतच तिथे टेकला.

सून आली ती गालात कापूस घेऊन. तिने तपासलं. शेअर घेतल्याचा निरोप प्रोग्रॅमपर्यंत पोहोचतच नव्हता. घेतलेच नाहीत असं समजून तो पुन्हा ऑर्डर देत होता. फाइल काढली असती, तर पुन्हा घेत सुटला असता. जादा घेतलेले तिने वाटेतच विकले होते. बचत शाबूत होती.

“मग आता कधी चालू करायचा?” मुलाने विचारलं.

तिला बोलवत नव्हतं. तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

“दुरुस्ती होऊ दे,” मी म्हणाले, “मग बघू.”